निळ्या टिकची वाट पाहताना

फोंड्याला आमच्या शेजारच्या मुलीचा साखरपुडा झालाय. मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. दुसरी पाळी, दुपारी दोन ते रात्री दहा. आत जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी परवा तीन वाजता तिने "जेवलास?" असं विचारलं, दोन राखाडी टिक दिसल्या आणि पुढच्या तासाभरात तिने बावीस वेळा फोन उघडला. चिडला असेल का? वाटेत काही झालं नसेल ना?

या सवयीला लोक सर्रास मांडवीतल्या कॅसिनोंच्या स्लॉट मशीनची उपमा देतात. मला ती अर्धीच पटते. मशीनवर जितके डाव जास्त, तितक्या संधी जास्त. उत्तराचं तसं नसतं, ते त्याला सुट्टी मिळेल तेव्हाच येणार. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७च्या ग्रंथात हा फरक नीट मांडलाय. त्यांच्या एका प्रयोगात कबुतराने चकतीवर किती चोची मारल्या याला महत्त्व नव्हतं. ठराविक नसलेला वेळ गेला की त्यानंतरच्या पहिल्या चोचीला दाणा मिळे. मधल्या चोची फुकट. पण वेळ कधी भरेल हे कळत नसल्याने पाखरू एका लयीत टोचत राही.

कबुतराला निदान घंटा नव्हती. आपला फोन तर उत्तर आलं की स्वतःच वाजतो. मग उघडून बघायचं कशाला? कारण बघितल्यावर क्षणभर हायसं वाटतं, आणि तो सुटकेचा क्षणच दाणा ठरतो. पुढची चोच त्याच्यासाठी.

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये पुन्हापुन्हा हात धुण्याची किंवा तपासण्याची सक्ती वाटणाऱ्या रुग्णांना ती कृती न करता थांबायला सांगितलं. ओढ आपोआप उतरली, बरीचशी पहिल्या अर्ध्या तासातच. ते रुग्ण होते, फोन पाहणारे नव्हेत. पण युक्ती इथेही लागू पडते.

मुलीने त्याच्या मेसेजला वेगळी रिंगटोन लावली, बाकीचे आवाज बंद केले आणि फोन फडताळावर पालथा ठेवला. ओढ लागली की दर पाच मिनिटांनी त्या ओढीला दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या दिवशी आकडे आले ८, ९, ९, ६, ४. आधी चढले, हे साहजिकच. दुसऱ्या दिवशी मात्र फसलं. चॅट उघडलं नाही, पण 'लास्ट सीन' पाहिलं आणि त्याच्या बहिणीलाही विचारलं. त्याही चोचीच, आकडा पुन्हा ८.

(मुद्दाम दिवसदिवस अबोला धरणाऱ्या जोडीदारासाठी हा उपाय नाही. तिथे दुखणं फोनचं नसतं, बोलणं त्याच्याशीच व्हायला हवं.)

चौथ्या दिवशी पावणेसातला रिंगटोन वाजली. ती बांगडे तळत होती. दुसरी बाजू परतून झाल्यावर तिने हात धुतले.