वल्ह्याची सम

शाळांच्या गॅदरिंगमध्ये कोळीगीत झालं नाही, असं वर्ष नागपुरात क्वचितच जातं. समुद्र इथून रस्त्याने जवळपास आठशे किलोमीटरवर, पण ढोलकी सुरू झाली की पोरांचे हात आपोआप वल्हवू लागतात. या ठेक्यात खरंच वल्हं आहे का, की ती नुसती स्टेजवरची रीत, हे बरंचसं गणित करून तपासता येतं.

वल्हवण्याच्या एका फेरीचे दोन भाग असतात. वल्हं पाण्यात रोवून जोर लावत ओढायचं, मग ते बाहेर काढून हवेतून परत जागेवर न्यायचं. चार वल्ह्यांची जड लाकडी होडी असेल तर मिनिटाला चोवीस फेऱ्या धरू, म्हणजे एका फेरीला अडीच सेकंद. त्यात खरा ओढ साधारण सेकंदभराचा. चौघांपैकी एकाचं वल्हं पाव सेकंद उशिरा पडलं तर त्याचा पाव जोर इतरांच्या जोरात मिसळतच नाही. वर होडीचं तोंड एका बाजूला वळतं आणि वल्ह्यावर वल्हं आपटतं ते वेगळंच.

मग होडीच्या म्होरक्याने, तांडेलाने, प्रत्येक वेळी ‘ओढ’ म्हणून ओरडलं तर? आवाज कानावर पडून हात हलायला सेकंदाचा सहावा-पाचवा हिस्सा लागतो, आणि हा वेळ प्रत्येकाचा वेगळा असतो. हुकूम ऐकून हललेले चार हात एकत्र पडणं अवघडच. ठेक्याचं तसं नसतं. ठोका येण्याआधीच मेंदू त्याचा अंदाज बांधतो. ठोक्याबरोबर टिचकी मारायला सांगितली की बहुतेक लोक ती ठोक्याच्या किंचित आधीच मारतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. गाणाऱ्या खलाशाला हुकमाची वाट बघावी लागत नाही, पुढचा ओढ कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

अडचण एवढीच, की अडीच सेकंद हे अंतर अंदाज बांधायला फार लांब आहे. दोन ठोक्यांमध्ये दोन सेकंदांच्या आसपास अंतर गेलं की माणसाचा ताल सुटू लागतो. घरी करून बघा: घड्याळ न बघता दर अडीच सेकंदांनी टाळी वाजवायची. चौघे एकदम करतील तर थोड्याच वेळात चौघांच्या टाळ्या चार ठिकाणी पडतील. आता मधल्या जागेत मनातल्या मनात सहापर्यंत मोजा. टाळ्या जुळतात.

कोळीगीताचा झुलता ठेका याच सहाचा, दादऱ्याच्या वळणाचा, तीन अधिक तीन. अडीच सेकंदांचे सहा भाग केले की एक मात्रा साधारण 0.42 सेकंदाची होते, म्हणजे मिनिटाला 144 मात्रा, आणि एवढ्या अंतराचे ठोके हाताला सहज धरता येतात. पहिल्या मात्रेला, म्हणजे समेवर, वल्हं पाण्यात, चौथ्या मात्रेला, म्हणजे खालीला, ते हवेत. तबला शिकणाऱ्याला ही मांडणी लगेच पटेल.

शब्दांची वाटणीही कामावरच बेतलेली. ओळ एकाने म्हणायची आणि ‘हो’ किंवा ‘हैया’ सगळ्यांनी. जोर लावताना छाती आवळलेली असते, तेव्हा लांबलचक ओळ म्हणायला श्वासच नसतो. तोंड उघडून एक आवाज मात्र काढता येतो, आणि त्यासोबत श्वासही सुटतो. जाळं किंवा दोर ओढतानाही हेच, फक्त तिथे दोन ओढींमधलं अंतर जाळ्याच्या वजनावर ठरतं. म्हणून ओढण्याचं गाणं वल्ह्याच्या गाण्याइतकं घड्याळासारखं चालत नाही.

अंबाझरीसारख्या तलावावर एकट्याने डोंगा हाकणाऱ्या ढिवराला या सगळ्याची गरज पडत नाही. जुळवून घ्यायला दुसरं वल्हंच नाही. त्याने गायलं तर ते हौसेने.

पण सहा मात्रा दिसल्या की समुद्र आलाच, असं मानू नये. दादऱ्याचा झोका देशभरच्या लोकगीतांत आहे, आणि कोळ्यांची सगळी गाणी कामाची नाहीतच. लग्नात धवलारीण म्हणते ती गाणी विधीच्या संथ चालीने जातात, त्यांचा वल्ह्याशी संबंध नाही.

गॅदरिंगमधलं गाणंही असंच तपासावं. मिनिटात किती वेळा सम येते ते मोजा. पन्नास आली आणि दर समेला एक ओढ धरला तर मिनिटाला पन्नास ओढ होतात. शर्यतीच्या हलक्या नावांतले कसलेले वल्हेकरीसुद्धा शर्यतभर चाळिशीच्या आसपासच राहतात, मग मासळीने भरलेली होडी पन्नासने कोण वल्हवणार? एक ओढ दोन आवर्तनांवर पसरला तर मात्र हिशेब पंचविसावर येतो आणि जमतो. नाचणारी मुलं दर समेला वल्हं मारत असतील, तर तो वेग नाचाचा, कारण होड्यांना इंजिन बसल्यावर गाण्याला वल्ह्याच्या चालीने जाण्याचं बंधन उरलं नाही.