फोटोवरून फुलपाखरू आणि पतंग ओळखणं

मिशांचा आकार, बसायची ढब आणि पंखांची मांडणी या तीन गोष्टी बघून फोटोतला कीटक फुलपाखरू आहे की पतंग हे ठरवायची पद्धत. मराठवाड्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त पडतो तो बांधावरच्या एरंडापाशी, कारण तिथं दोन्हीकडचे तपकिरी पाहुणे एकाच झाडावर भेटतात.

रंगावरून निवाडा करायची सवय जुनी आहे, भडक ते फुलपाखरू आणि मळकट तो पतंग, पण ती टिकत नाही. खुळखुळ्याच्या झाडावर भरदिवसा उडणारा पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा युटेथेइसा हा पतंग आहे, आणि वाळक्या पाचोळ्यात दिसेनासं होणारं, संध्याकाळी उडणारं कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू आहे. म्हणजे दिवस-रात्रीची कसोटीसुद्धा अर्धवटच.

या विभागणीचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. लिनियसनं १७५८ साली या सगळ्या कीटकांचे तीन गट केले, पापिलिओ, स्फिंक्स आणि फॅलेना, त्यातला पहिला म्हणजे फुलपाखरं आणि उरलेले दोन म्हणजे पतंग असं ढोबळमानानं म्हणता येतं. पुढं मिशीच्या टोकाला गाठ असलेले आणि नसलेले अशी वाटणी रूढ झाली आणि ती बरीच वर्षं चालली. पण ही वाटणी समान पातळीवरची नाही. खवलेपंखी कीटकांच्या साधारण १.६ लाख ज्ञात जातींपैकी फुलपाखरं जेमतेम १८-१९ हजार, आणि ती पतंगांच्या मोठ्या वंशवृक्षातलीच एक फांदी आहे, वेगळं झाड नाही. १९८६ साली माल्कम स्कोबल यांनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या हेडिलिडी या कुळाला फुलपाखरांत धरावं असं मांडलं, हे कीटक दिसायला पतंगासारखे आणि त्यांच्या मिशांना गाठ नाही, तरी पुढं जनुकीय अभ्यासांनीही त्यांना फुलपाखरांतच बसवलं. फुलपाखरांना दिवसा उडायची सवय कशी लागली याबद्दल वटवाघळांपासून बचाव म्हणून असं एक मत होतं, पण फुलपाखरांचा उगम आता साधारण १० कोटी वर्षांपूर्वीचा मानतात आणि वटवाघळांचे सापडलेले सगळ्यात जुने अवशेष साधारण सव्वापाच कोटी वर्षांचे आहेत, त्यामुळं फुलांच्या मधामागं ती दिवसाउजेडी आली हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं. फोटो ओळखणाऱ्यासाठी यातून निघतं ते एवढंच की एका लक्षणावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

तरीही पहिली नजर मिशांवरच टाकायची. फुलपाखराची मिशी बारीक दांडी आणि टोकाला गाठ, आगपेटीच्या काडीसारखी. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी टोकाकडं निमुळती होत जाते, किंवा कंगव्यासारखी दातेरी असते, काही जातींत नराची चांगली पिसारेदार आणि मादीची साधी. स्किपर फुलपाखरांत गाठीच्या पुढं अजून एक बारीक वाकडा आकडा असतो. अडचण अशी की मोबाईलचा फोकस पंखांच्या नक्षीवर बसतो आणि मिशी पुसट होते, किंवा ती थेट कॅमेऱ्याकडं रोखलेली असते म्हणून गाठ लांबीत दिसतच नाही, आणि वाऱ्यानं हललेली दोरीमिशीसुद्धा टोकाला जाड भासते. दोन्ही मिशा टोकाला सारख्याच जाड दिसल्या तरच गाठ आहे असं मानावं. आडव्या बाजूनं, मागं मोकळं आभाळ किंवा सपाट पान येईल असा एक फोटो काढला तर निम्मं काम होतं.

मिशी दिसतच नसेल तर तेही नोंदवून ठेवावं, कारण दिवसा झोपलेले बरेच पतंग मिशा पंखांखाली किंवा अंगालगत मागं दुमडून ठेवतात, आणि फुलपाखरू जागं असताना त्या समोर फाकवून धरतं.

पंखांचं बघायचं तर पंख पाठीवर उभे मिटले असतील तर फुलपाखराकडं झुकतं माप द्यावं, आणि पुढचे पंख मागच्यांवर पसरून अंगावर उतरते किंवा सपाट त्रिकोणी ठेवले असतील तर पतंगाकडं. पण फुलपाखरं सकाळच्या कोवळ्या उन्हात अंग तापवायला पंख सताड उघडतात, विशेषतः हिवाळ्यात, आणि तेच फुलपाखरू दुपारी पंख मिटून बसतं, म्हणून फोटो किती वाजता काढला हे विचारायलाच पाहिजे.

आता एरंडाचं उदाहरण. कापूस-सोयाबीनच्या कडेनं एरंड सापळा पीक म्हणून लावतात, त्याच्या पानावर पंख पसरून बसलेला तपकिरी कीटक फोटोत आला तर दोन शक्यता आधी मनात येतात. एक, कॉमन कॅस्टर, म्हणजे आरियाडने मेरिओने हे फुलपाखरू, ज्याची अळी काटेरी असते आणि एरंडावर वाढते. दुसरी, एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग, अकिया जनाटा. दोघंही तपकिरी, दोघांच्याही पंखांवर नागमोडी रेघा, आणि दोघंही पंख मिटून उभे न करता सपाट ठेवतात, त्यामुळं नुसत्या ढबीवर गेलं तर इथंच घसरायला होतं.

फरक बघायचा तो मागच्या पंखांचा. कॉमन कॅस्टरचे चारही पंख उघडे असतात, मागचे पंख पूर्ण दिसतात आणि पुढच्या पंखावरच्या काळ्या रेघा तशाच मागच्या पंखावर चालत जातात, शिवाय पुढच्या पंखाच्या टोकाजवळ एक छोटा पांढरा ठिपका असतो. अकियाचे पुढचे पंख करड्या-तपकिरी रंगाचे, त्यांनी मागचे पंख जवळजवळ झाकलेले असतात आणि वरून बघितलं तर एक त्रिकोण दिसतो. तो दचकला आणि पंख थोडे सरकले तर मागचा पंख काळा, मधोमध पांढरा पट्टा आणि कडेला पांढरे ठिपके, असं दिसतं, आणि हे दिसलं की शंका उरत नाही. बाजूनं काढलेल्या फोटोत पायही मोजावेत, कॅस्टर ज्या कुळातलं आहे तिथं पुढचे दोन पाय आखूड असतात आणि ते चारच पायांवर उभं राहतं, पतंग सहांवर. अंगाची जाडी आणि केस हे शेवटी बघावं, अकियाचं अंग जाडजूड असतं, पण बारीक अंगाचे पतंगही पुष्कळ आहेत.

ओळख पक्की झाली तर शेतकऱ्याच्या दृष्टीनं फरक मोठा पडतो. उंटअळी एरंडाची पानं शिरांपर्यंत खाते आणि तिचा पतंग रात्री पिकलेल्या फळांतला रस शोषायला जातो, त्यामुळं मोसंबीच्या बागेत रात्री काढलेल्या फोटोत तो सापडू शकतो. कॅस्टरच्या अळ्यांमुळं एरंडाचं सहसा एवढं नुकसान होत नाही, त्यांच्यासाठी फवारणीचा विचार करायचं कारण नसतं.

या कसोट्या दोन ठिकाणी हमखास फसतात. जिओमेट्रिडी कुळातले पतंग चारही पंख पसरून भिंतीवर चिकटतात, मागचे पंख स्पष्ट दिसतात, त्यातले काही तर पंख उभेही धरतात, तिथं मिशीच ठरवते. उलट स्किपर फुलपाखरं ठेंगणी, जाड अंगाची आणि तपकिरी, त्यातली बरीच बसताना मागचे पंख आडवे आणि पुढचे अर्धवट उभे ठेवतात, म्हणजे पंख दोन वेगळ्या पातळ्यांवर राहतात. ही अर्धी उघडी ढब फोटोत सापडली तर स्किपरच धरावा, आणि आकडेवाली मिशी दिसली तर खात्रीच. इंडियन स्किपर मात्र जमिनीलगत पंख सपाट पसरून बसतो, पांढऱ्या ठिपक्यांमुळं आणि लहान आकारामुळं तो पतंग समजला जातो.