अ‍ॅडेड शुगर शून्य, मग मीटरवर १९६ कसे?

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे आप्पा बँकेतून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली आणि मधुमेहाला अकरा. आयुष्यभर लेजर जुळवलेला माणूस. ताळा जमला नाही की त्यांना जेवण गोड लागत नाही. (तसंही त्यांना गोड वर्ज्यच आहे, हा त्यांचाच विनोद.) मी बरीच वर्षं अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे सोसायटीतली वेष्टनं फिरत फिरत माझ्या टेबलावर येतात. परवा आप्पा आले ते एक रिकामा बिस्किटांचा पुडा आणि कंपनीला लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा घेऊन.

मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं, ‘आपण ग्राहकांची उघड फसवणूक करीत आहात.’ म्हटलं, आप्पा, हे खोडा. पुड्यावर छापलेलं सगळं बहुधा खरंच आहे, आणि खरी पंचाईत तीच आहे.

पुड्यावर समोर मोठ्या अक्षरात ‘नो अ‍ॅडेड शुगर’, त्याखाली ‘हाय फायबर’, बाजूला नाचणीचं कणीस. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला कर्बोदकं ७० ग्रॅम, एकूण साखर १.५, अ‍ॅडेड शुगर ०, फायबर ९, प्रथिनं ८ आणि फॅट १७. सर्व्हिंग १५ ग्रॅम. म्हणजे किती बिस्किटं, ते कुठेच नाही. आप्पांनी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा बिस्किटं ठेवून पाहिली. ८० ग्रॅम भरली, म्हणजे एक ८ ग्रॅमचं. कंपनीची सर्व्हिंग दोनांपेक्षा जरा कमी. आप्पा सकाळच्या चहाबरोबर पाच खातात.

पाच बिस्किटं म्हणजे ४० ग्रॅम, आणि त्यातली साखर तक्त्याप्रमाणे ०.६ ग्रॅम. चिमूटभरही नाही. चहा बिनसाखरेचा. तरी दोन तासांनी शुगर पाहिली तर १९६. उपाशीपोटी १२४ होती. घरच्या ग्लुकोमीटरच्या एका आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण १०० च्या पुढे या यंत्रांना १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. म्हणून त्यांना तीन वेगवेगळ्या सकाळी, तीच गोळी घेऊन, तेवढीच बिस्किटं खाऊन पाहायला सांगितलं. १९६, १८८, २०३. म्हणजे यंत्राची चूक नव्हती.

आता तक्त्यातली ‘साखर’ ही ओळ नेमकं काय मोजते ते पाहू. तिच्यात येतात फक्त लहान रेणू: ग्लुकोज, फ्रुक्टोज, आपली नेहमीची साखर, दुधातली साखर, माल्टोज. एका किंवा दोन कड्यांचे. त्याहून लांब साखळी झाली की ती या ओळीतून बाहेर पडते. मैद्यातलं किंवा नाचणीतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कड्यांची साखळी. रासायनिक व्याख्येप्रमाणे ती साखर नाही, पण पोटात गेल्यावर तिच्या सगळ्या कड्या सुटतात आणि रक्तात जातं ते ग्लुकोजच. कोरडी पोळी तोंडात बराच वेळ चावत राहिलं की गोडसर लागते ना, ती या कड्या सुटण्याची सुरुवात. लाळेपासूनच होते.

दुसरी गोष्ट घटकांच्या यादीत होती, आणि ती आप्पांनी वाचलीच नव्हती. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. पहिला मैदा, दुसरं खाद्यतेल, तिसरं माल्टोडेक्स्ट्रिन. नाचणी पाचवी. शेवटाकडे सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा, आयएनएस ९५५.

माल्टोडेक्स्ट्रिन तिसऱ्या क्रमांकावर कसं आलं? बिस्किटात साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पिठाला भर देते, भाजताना रंग आणते, कुरकुरीतपणा तिच्यामुळे येतो. १०० ग्रॅम बिस्किटात २० ग्रॅम साखर असते असं धरा. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, तेव्हा तेवढ्या गोडीला त्याचे तीसेक मिलिग्रॅम पुरतात. गोडीचं काम झालं, पण २० ग्रॅमची जागा रिकामी राहिली. ती भरायला स्वस्त, पांढरी, चवीला जवळजवळ सपक अशी भुकटी लागते. मक्याचं किंवा टॅपिओकाचं पिष्ट अर्धवट तोडून ती करतात, तेच माल्टोडेक्स्ट्रिन. साखळी तोडलेली, पण बहुतेक तुकडे दोन कड्यांपेक्षा मोठे, म्हणून ते ‘साखर’ या ओळीत जवळजवळ दिसतच नाही आणि ‘अ‍ॅडेड शुगर’मध्येही नाही. शरीराच्या दृष्टीनं मात्र पिष्ट पचवायचं अर्धं काम कारखान्यानंच करून दिलेलं असतं. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे शुद्ध ग्लुकोजला १०० धरून, एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्याचा आकडा. नेहमीच्या साखरेचा तो साधारण ६५. माल्टोडेक्स्ट्रिनचा शंभराच्या आसपास, कधी त्याच्याही वर. कारण साखरेत निम्मं फ्रुक्टोज असतं, ते यकृताकडे जातं आणि मीटरवर फारसं दिसत नाही. यात सगळं ग्लुकोजच. साखर काढून जे घातलं ते ग्रॅमला ग्रॅम साखरेपेक्षा जास्त चढणारं. पुड्यात किती घातलं, ते तक्ता सांगत नाही.

म्हणजे आप्पांनी पाहायची ओळ ‘साखर’ नव्हे, ‘कर्बोदकं’. पण तिच्यातही एक गोम आहे.

लोकांना वाटतं, प्रयोगशाळेत कर्बोदकं मोजतात. बहुतेक वेळा मोजत नाहीत. नमुना भट्टीत वाळवून पाणी किती उडालं ते बघतात. नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनं काढतात. ईथरसारख्या द्रावकात फॅट उतरवून घेतात. मग मुशीत साडेपाचशे अंशांवर जाळून मागे राहिलेली राख तोलतात. बिस्किटाची राख करडी-पांढरी, चिमटीत मावेल एवढी. या चारांची बेरीज शंभरातून वजा केली की जे उरतं त्याला कर्बोदकं म्हणायचं. म्हणजे हा आकडा बेरीज-वजाबाकीतली शिल्लक आहे, आणि शिल्लकीत पिष्ट, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन आणि न पचणारं फायबर सगळं एकत्र पडलेलं असतं. फायबर वेगळं काढायला निराळी चाचणी लागते: नमुना एकामागून एक विकरांनी पचवायचा आणि न पचलेलं गाळून तोलायचं. वेळखाऊ, खर्चिक. आपल्याकडच्या तक्त्यात फायबरची ओळ सक्तीचीही नाही. समोर ‘हाय फायबर’ लिहिलं तरच द्यावी लागते.

मग पुड्यावरचे ७० फायबर धरून की वगळून? अमेरिकेहून मुलगी पुडा आणते त्यावर फायबर कर्बोदकांच्या आत धरलेलं असतं, तिथे ते वजा करायचं. युरोपच्या पुड्यावर ते आधीच बाहेर काढलेलं असतं, तिथे वजा केलं तर दुहेरी वजाबाकी होते आणि माणूस स्वतःला फसवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांतही फायबर वेगळं आहे: कणकेत कर्बोदकं सुमारे ६४, फायबर ११ निराळं. आपल्या बाजारातल्या पुड्यावर यातली कोणती पद्धत वापरली, ते नुसतं बघून कळत नाही.

इथे आप्पांचा ताळेबंद कामाला आला. म्हटलं, बेरीज मारा. ७० अधिक ८ अधिक १७ म्हणजे ९५. उरलेल्या ५ ग्रॅममध्ये ओलावा आणि मीठ-खनिजं. बिस्किटाला हे अगदी बरोबर बसतं. आता फायबर वेगळं धरा: ९५ अधिक ९, १०४. शंभर ग्रॅमच्या बिस्किटात एकशे चार ग्रॅम माल! आप्पांचा चेहरा लेजरमधली चूक सापडल्यासारखा खुलला. म्हणजे ९ ग्रॅम फायबर ७० च्या आतच आहे आणि पचणारी कर्बोदकं ६१. पाच बिस्किटांत साधारण २४ ग्रॅम. साखरेच्या ओळीतल्या ०.६ च्या चाळीसपट.

२४ ग्रॅम म्हणजे किती? २५ ग्रॅम कणकेच्या पोळीत पचणारी कर्बोदकं सोळाएक ग्रॅम. म्हणजे दीड पोळी. आप्पांनी तेही करून पाहिलं, तीन सकाळी कणीक तोलून चहाबरोबर दीड पोळी. १८४ ते २०१. एवढ्या फरकावरून पोळी चांगली की बिस्किट, हे ठरवता येणार नाही; शिवाय बिस्किटातल्या फॅटमुळे पचन लांबतं, तेव्हा दोन तासांचा आकडा हाच सर्वांत वरचा असेल असंही नाही. पण ‘शुगरवाल्यांचं बिस्किट’ म्हणून हिशेबात न धरलेला तो चहा म्हणजे दीड पोळीची न्याहारी होती, एवढं नक्की.

मग पत्र नव्यानं लिहिलं. फसवणूक गेली, प्रश्न राहिले:

‘मा. गुणवत्ता विभागप्रमुख यांस, स.न.वि.वि. मी ६८ वर्षांचा मधुमेही असून आपली बिस्किटे रोज घेतो. पुड्यावरील मजकूर नियमाला धरून आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्यावरून मला माझ्या आहाराचा हिशेब करता येत नाही. तरी कृपया कळवावे: (१) कर्बोदके ७० ग्रॅम यात फायबर समाविष्ट आहे काय? (२) माल्टोडेक्स्ट्रिनचे प्रमाण १०० ग्रॅमला किती? (३) एका बिस्किटाचे सरासरी वजन किती? तसेच पुढील छपाईत “पचणारी कर्बोदके, प्रति बिस्किट” अशी एक ओळ घालता आल्यास आमच्यासारख्यांची मोठी सोय होईल.’

पत्र गुणवत्ता विभागाच्या नावानं घालायला मी मुद्दाम सांगितलं. ग्राहक सेवेकडे गेलं की ‘आमची उत्पादने सर्व नियमांचे पालन करतात’ एवढंच छापील उत्तर येतं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्या हातातल्या तपासणी अहवालात आणि कारखान्याच्या वजन नोंदीत तयार असतं, नवी चाचणी लागत नाही. दुसऱ्याचं मिळेल अशी आशा मी आप्पांना दिली नाही.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. फायबर समाविष्ट आहे. बिस्किटाचं वजन ८ ग्रॅम. माल्टोडेक्स्ट्रिनचं प्रमाण ही पाककृतीची गोपनीय माहिती. छपाईबद्दल ‘सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’.

आप्पांनी बिस्किटं सोडली नाहीत. डब्याच्या झाकणावर त्यांनी चिकटपट्टीनं एक कागद लावलाय, बँकेतल्या वळणदार अक्षरात: १ नग = ५ ग्रॅम पचणारी कर्बोदके. आता दोन खातात, आणि काकू झाकण लावताना मोजतात.