आजारी कर्मचारी नियम (स्वयंपाकघर)

हॉटेल, खानावळ, शॅक किंवा केटररच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याने कोणता त्रास झाल्यावर लगेच कळवायचे, कोणी घरी थांबायचे आणि कोणी कधी कामावर परतायचे, हे ठरवणारा लेखी नियम. अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या विनियमांतील चौथ्या परिशिष्टाप्रमाणे आजाराची लक्षणे दिसताच कर्मचाऱ्याने ती व्यवस्थापनाला कळवावीत आणि रोग पसरवू शकणाऱ्याला अन्न हाताळू देऊ नये. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही लागते. तपासणीचा तो कागद मात्र त्या एका दिवसापुरताच खरा असतो. मे महिन्यात तंदुरुस्त ठरलेल्या माणसाला जुलैत जुलाब झाले, तर कागद काही सांगत नाही. रोजच्या रोज उपयोगी पडतो तो हा नियम. परत कधी घ्यायचे याचा तासांचा हिशेब परिशिष्टात दिलेला नाही, तो प्रत्येक स्वयंपाकघराने लिहून ठेवावा लागतो.

कळवायची लक्षणे थोडी आहेत: उलटी, जुलाब, कावीळ, ताप, तापासह घसादुखी, हातावरचे पू झालेले गळू किंवा जखम, आणि कान, डोळे वा नाकातून वाहणे. यापुढे रोगाचे निदान करणे सुपरवायझरचे काम नाही. ‘काल काजूची फेणी जास्त झाली’ किंवा ‘उन्हाने झाले असेल’ ही कारणे खरी असली तरी निर्णयात धरायची नाहीत. लक्षण दिसले की माणूस ताटापासून दूर, एवढेच बघायचे.

४८ तासांचे गणित

उलटी-जुलाब थांबल्यापासून ४८ तास घरी, हा अंतराचा आकडा बहुतेक चांगल्या स्वयंपाकघरांत वापरतात. नोरोव्हायरससारखा विषाणू पोट ठीक झाल्यावरही विष्ठेतून बाहेर पडत राहतो, कधी दोन आठवड्यांपर्यंतही. म्हणजे ४८ तासांनंतर माणूस पूर्ण निर्धोक होतो असे नाही. सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकण्याचा आणि अचानक संडासला धावावे लागण्याचा काळ तेवढ्यात सरतो. पुढचे काम साबण आणि पाण्याने हात धुण्यावर सोडलेले असते. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही.

चूक होते ती घड्याळ कुठून सुरू करायचे यात. म्हापशातल्या एका रेस्टॉरंटचे उदाहरण घेऊ. कोशिंबीर, किसमूर आणि सोलकढी करणाऱ्या हेल्परला गुरुवारी रात्री ११ वाजता पहिली उलटी झाली. शेवटची उलटी शुक्रवारी दुपारी २ वाजता झाली. रात्री ८ वाजता त्याने जुलाब थांबवणारी गोळी घेतली, शेवटचा पातळ जुलाब शनिवारी सकाळी ७ वाजता झाला आणि नंतर गोळी घ्यावी लागली नाही. तो म्हणतो, ‘शुक्रवारपासून उलटी नाही, रविवारी येतो.’ हिशेब मात्र शेवटच्या लक्षणापासून होतो, म्हणून तो सोमवारी सकाळी ७ नंतर येऊ शकतो. त्याने शनिवारी रात्री ८ वाजता आणखी एक गोळी घेतली असती, तर घड्याळ तिथून सुरू होऊन सोमवारी रात्रीचे ८ वाजले असते. गोळीने जुलाब दबतात, आजार गेला असे होत नाही.

त्याला घरी पाठवून काम संपत नाही. गुरुवारी दुपारी त्याने हाताने केलेली आणि नंतर न उकळणारी प्रत्येक गोष्ट फेकायची: उरलेली सोलकढी, चिरलेला कांदा-काकडी, हिरवी चटणी. नोरोव्हायरसचा संसर्ग झाल्यावर त्रास १२ ते ४८ तासांनी सुरू होतो, म्हणून त्याच्यासोबत जेवलेल्या किंवा एकाच संडासात जाणाऱ्यांकडे पुढचे दोन दिवस लक्ष ठेवायचे. उलटी स्वयंपाकघरातच झाली असेल, तर आजूबाजूचे उघडे अन्न टाकून द्यायचे, आधी कागदाने उचलायचे, मग ५ टक्के हायपोक्लोराइटचे २० मिली एक लिटर पाण्यात घालून ते लादीवर दहा मिनिटे राहू द्यायचे. नुसत्या फिनेलने पुसलेली लादी वासाला स्वच्छ असते, एवढेच.

कावीळ आणि टायफॉइड

इथे तासांचा हिशेब चालत नाही. हिपॅटायटिस-ए मध्ये डोळे पिवळे दिसण्याआधीचे एक-दोन आठवडेच सर्वांत संसर्गाचे असतात. त्यामुळे माणूस पिवळा दिसला तेव्हा मागचे पंधरा दिवस त्याने काय काय हाताळले हा प्रश्न आधी येतो. कावीळ दिसू लागल्यापासून किमान सात दिवस आणि डॉक्टरचा लेखी दाखला मिळेपर्यंत तो बाहेर. गोव्यात पावसाळ्यात लेप्टोनेही कावीळ होते आणि ती आजारी माणसाच्या हातून अन्नात सहसा पसरत नाही. पण दोन्हींत डोळे सारखेच पिवळे दिसतात, म्हणून रक्ताचा अहवाल येईपर्यंत नियम एकच.

टायफॉइडमध्ये ताप उतरला तरी जंतू विष्ठेतून बाहेर पडत राहू शकतो. काहींच्या बाबतीत तो वर्षभर टिकतो आणि त्यांना स्वतःला काहीच जाणवत नाही. म्हणून परतीसाठी विष्ठेचे कल्चर लागते. प्रतिजैविकांचा कोर्स संपल्यावर आठवडाभराने, ४८ तासांच्या अंतराने घेतलेले तीन नमुने शुद्ध आले की परत घ्यायचे, ही काही देशांतली पद्धत इथेही चालवता येते. विडाल चाचणीचा कागद पुरावा म्हणून धरू नये. तिच्यात अंगातील प्रतिपिंडे दिसतात, जंतू आहे की गेला हे कळत नाही.

बोटावरचे गळू

या माणसाला घरी पाठवावेच असे नाही. जखम स्वच्छ असेल, तर पाणी न शिरणारी निळी पट्टी आणि वर हातमोजा पुरतो. निळा रंग अन्नात पडला तर दिसतो, म्हणून. पण पू असेल तर उघड्या अन्नाजवळ नाही, फार तर भांडी किंवा स्टोअर. पुवातला स्टॅफिलोकोकस उकडून हाताने सोललेल्या कोळंबीवर बसतो, ती उन्हाळ्यात ओट्यावर तीन-चार तास राहिली की त्यात विष तयार होते. नंतर ती पुन्हा गरम केली तरी जंतू मरतात, विष तसेच राहते, आणि जेवल्यावर एक ते सहा तासांत लोक ओकू लागतात.

नियम कुठे मोडतो

किनारपट्टीवरच्या बहुतेक कामगारांचे ‘घर’ म्हणजे मालकाने दिलेली खोली, पाच-सहा जण आणि एक संडास. तिथे पाठवलेला आजारी माणूस खोलीच्या स्वयंपाकाच्या पाळीवर असेल, तर नियम कागदावरच राहतो. त्याची पाळी काढून घ्यायची, त्याला बालदी-तांब्या वेगळा द्यायचा, संडासाच्या कडीला आणि नळाला दिवसातून दोनदा हायपोक्लोराइट फिरवायचे.

दुसरी अडचण पैशांची. रोजावरचा माणूस खाडा पडू नये म्हणून जुलाब लपवतो. ईएसआयचा आजारपणाचा लाभ असला, तरी आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे त्यात सहसा मिळत नाहीत. ते दोन रोज मालकाने भरले तरच लोक कळवतात. नोंदवहीत म्हणून सहा रकाने ठेवावेत: नाव, लक्षण, पहिले लक्षण केव्हा, शेवटचे केव्हा, परतीची तारीख-वेळ, रोज दिला का. सहावा रकाना सतत रिकामा दिसू लागला की थोड्याच दिवसांत दुसराही रिकामा पडतो, आणि त्याचा अर्थ सगळे निरोगी आहेत असा होत नाही.