गर्भाच्या मेंदूला आयोडीन केव्हा हवे?

पापुआ न्यू गिनीच्या जिमी खोऱ्यात १९६६ साली एक चाचणी सुरू झाली. तेथे गलगंड सर्रास आढळत असे आणि अनेक मुले जन्मतःच मूकबधिर व मतिमंद असत; आयोडीनअभावी येणाऱ्या या विकाराला क्रेटिनिझम म्हणतात. एका कुटुंबाला आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन, तर पुढच्या कुटुंबाला साध्या मिठाच्या पाण्याचे, अशी विभागणी करण्यात आली. पुढे जन्मलेल्या मुलांपैकी आयोडीनच्या गटात ४९८ मध्ये ७, तर दुसऱ्या गटात ५३४ मध्ये २६ मुलांना क्रेटिनिझम असल्याचे दिसले. मात्र खरा बोध त्या सात मुलांतून मिळाला, कारण त्यांपैकी सहांच्या आया इंजेक्शनच्या वेळी आधीच गरोदर होत्या.

गर्भाची थायरॉइड ग्रंथी गरोदरपणाच्या साधारण मध्यापर्यंत पुरेसे संप्रेरक बनवू शकत नाही, आणि नेमक्या याच काळात कानातील शंखिका घडत असते व मेंदूतील चेतापेशी आपापल्या जागी सरकत असतात. तोवर गर्भाची सारी भिस्त आईच्या थायरॉक्सिनवर असते. या संप्रेरकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यातील एक काढून गर्भाचा मेंदू त्याचे तीन अणूंचे अधिक क्रियाशील रूप स्वतःच तयार करतो. आयोडीन तुटपुंजे असले की आईची ग्रंथी काटकसर करून थेट तीन अणूंचेच संप्रेरक जास्त बनवू लागते. त्यामुळे आईच्या शरीराचे भागते आणि गलगंड सोडला तर ती ठणठणीत दिसते; पण रक्तातील थायरॉक्सिन घटल्याने गर्भाच्या मेंदूला कच्चा मालच मिळत नाही. आईकडे पाहून धोका ओळखू येत नाही, ही या आजारातील सर्वांत क्रूर बाब आहे.

यातून उद्भवतो तो क्रेटिनिझमचा चेतासंस्थेशी निगडित प्रकार: मतिमंदत्व, बहिरेपणा व मुकेपणा, तिरळेपणा आणि पाय ताठर झाल्याने येणारी अवघडलेली चाल. अशा व्यक्तीची उंची बहुधा फारशी कमी नसते. पुढे तिची स्वतःची ग्रंथी पुरेसे संप्रेरक बनवत असली, तरी झालेली हानी भरून निघत नाही.

दुसरा, मिक्सिडिमाचा प्रकार काँगोच्या काही भागांत प्रामुख्याने दिसला. यात जन्माच्या आसपास मुलाची स्वतःचीच ग्रंथी खुरटते. उंची फारच कमी राहते, त्वचा कोरडी व जाड होते, वयात येणे लांबते. तेथील मातीत सेलेनियमही कमी आहे. संप्रेरक बनवताना ग्रंथीत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करणाऱ्या विकरांना सेलेनियम लागते. ते नसल्याने ग्रंथीच्या पेशी जळत जातात, असे मानले जाते. नीट न भिजवलेल्या कसाव्याच्या कंदातून शरीरात तयार होणारे थायोसायनेट ग्रंथीत आयोडीन शिरण्यास अडथळा आणते, ते वेगळेच.

मग सेलेनियम द्यावे का? काँगोत ते एकटेच देऊन पाहिले, तेव्हा अशा रुग्णांचे थायरॉक्सिन आणखी घसरले, कारण थायरॉक्सिनमधील आयोडीन काढणारे विकरही सेलेनियमवरच चालते आणि ते जोमाने कामाला लागले. त्यामुळे तेथे आधी आयोडीनची तूट भरून काढावी लागते आणि सेलेनियमचा विचार त्यानंतर करावा लागतो.