मानसशास्त्रीय चाचणीची विश्वसनीयता आणि वैधता

चाचणी विश्वसनीय आहे म्हणजे तिचा स्कोअर उगाच इकडेतिकडे हलत नाही, आणि वैध आहे म्हणजे त्या स्कोअरवरून आपण जो अर्थ काढतोय त्याला पुरावा आहे. पहिली असली तरी दुसरी नसू शकते, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण प्रोजेक्टमध्ये विश्वसनीयतेचा अल्फा नावाचा आकडा 0.82 आला की बरेच जण तिथंच थांबतात.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा कोल्हापुरातल्या कॉलेजांतल्या अकरावी सायन्सच्या मुलांसाठी कुणीतरी परीक्षेच्या धास्तीची 20 विधानांची मराठी चाचणी बनवली. ‘पेपर हातात आला की छातीत धडधडतं’ अशी विधानं, आणि उत्तरं ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’.

विश्वसनीयता तपासायची एक पद्धत टेस्ट-रीटेस्ट, म्हणजे त्याच मुलांना तीच चाचणी काही दिवसांनी परत द्यायची आणि दोन्ही स्कोअरमधला सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा जास्तीत जास्त 1 पर्यंत जाणारा आकडा, काढायचा. दोनच दिवसांनी दिली तर पोरं आधीची उत्तरं आठवून टिकमार्क करतात आणि आकडा फुगतो, म्हणून साधारण दोन ते चार आठवडे मध्ये सोडतात. पण दुसरी वेळ नेमकी सहामाहीच्या आदल्या आठवड्यात आली तर धास्ती खरंच वाढलेली असते, त्यात चाचणीचा काय दोष? आणि एक बारीक गोष्ट, सगळ्यांचे स्कोअर सारखेच 5 ने वाढले तरी सहसंबंध 1 च येतो, कारण तो फक्त कोण कुणाच्या पुढे-मागे आणि किती अंतरावर एवढंच बघतो. त्यामुळे सहसंबंधासोबत दोन्ही वेळची सरासरी पण बघायलाच पाहिजे.

दुसरी पद्धत इंटर्नल कन्सिस्टन्सी, ती एकाच बैठकीत निघते. विधानं एकमेकांशी किती जुळतात ते त्यात बघतात, आणि त्यासाठी सर्रास वापरतात तो क्रॉनबाखचा अल्फा (1951 चा लेख). विधानांची संख्या k आणि त्यांच्यातला सरासरी सहसंबंध r धरला तर प्रमाणित अल्फाचं सूत्र असं:

```
α = k·r / (1 + (k − 1)·r)
```

r 0.30 असेल तर 10 विधानांना 0.81 येतो आणि 20 विधानांना 0.90, म्हणजे एकही विधान सुधारलं नाही, फक्त संख्या वाढवली. आता आपल्या 20 पैकी 10 विधानं धास्तीची आणि 10 घरच्या पैशाच्या काळजीची आहेत असं समजा. प्रत्येक गटाच्या आत सहसंबंध 0.40, दोन गटांमध्ये शून्य. एकूण 190 जोड्यांपैकी 90 जोड्या 0.40 च्या, बाकी शून्य, म्हणून सरासरी सुमारे 0.19, आणि अल्फा येतो 0.82! एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टी एका स्कोअरमध्ये कोंबल्यात आणि आकडा मात्र छान दिसतोय. म्हणून चाचणी एकच गोष्ट मोजते का हे अल्फावरून ठरत नाही, त्यासाठी कोणती विधानं एकमेकांसोबत गट करतात ते शोधणारं फॅक्टर ॲनालिसिस करावं लागतं.

उलटंही होतं. ‘मला परीक्षेची भीती वाटत नाही’ या विधानाचे मार्क उलटे करायचे राहिले की अल्फा घसरतो. त्या विधानाचा बाकीच्यांच्या बेरजेशी सहसंबंध ऋण आला की ते लगेच सापडतं. मराठीत त्यावर ‘कधीच नाही’ हे उत्तर म्हणजे दुहेरी नकार, पोरं गोंधळतात, तेव्हा असं वाक्य सरळ ‘पेपरला मी निवांत असतो/असते’ असं लिहिलेलं बरं.

आता वैधता. तिच्यातल्या कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीची मांडणी क्रॉनबाख आणि मील यांनी 1955 मध्ये केली. ‘परीक्षेची धास्ती’ डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे ती खरंच मोजली जातेय का हे आजूबाजूच्या संबंधांवरून तपासायचं. स्पीलबर्गरच्या परीक्षा-चिंतेच्या चाचणीसारख्या आधीपासून वापरात असलेल्या चाचणीशी आपला स्कोअर चांगला जुळला पाहिजे, आणि ज्याच्याशी जुळायला नको त्याच्याशी कमी जुळला पाहिजे. या दोन्ही बाजू एकत्र तपासायची पद्धत कॅम्पबेल आणि फिस्क यांनी 1959 मध्ये दिली. दोन्ही चाचण्या मुलांनी स्वतःच भरल्या असतील तर नुसत्या त्या सारखेपणामुळेही सहसंबंध वाढू शकतो, म्हणून शिक्षकांनी दिलेलं रेटिंग असं काहीतरी वेगळ्या पद्धतीचं पण घ्यायचं.

आपल्या उदाहरणात खरी अडचण इथं दिसते. करवीर, पन्हाळा भागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत पेपर. ‘प्रश्न वाचूनच मला घाम फुटतो’ याला ती ‘नेहमी’ म्हणतील, पण ते धास्तीमुळे की इंग्रजी कळत नाही म्हणून? स्कोअर स्पीलबर्गरच्या चाचणीपेक्षा इंग्रजीच्या मार्कांशीच जास्त बांधलेला निघाला तर चाचणी भाषेची अडचण मोजतेय असा दाट संशय घ्यायचा. मग दोन्ही माध्यमांच्या मुलांमधून एकूण धास्ती सारखी असणारी घेऊन हे विधान दोन्हीकडे सारखं वागतं का ते बघायचं, नसेल वागत तर काढायचं किंवा बदलायचं, आणि अल्फा त्याच मुलांवर नाही तर नव्या मुलांवर परत काढायचा, कारण ज्या डेटावर विधानं निवडली त्याच डेटावर तो जरा जास्तच येतो.