मजकुराचे सगळे शेवट क्रमाने लावले तर

प्रचंड मजकुरात एखादा शब्द शोधायचा, तर संगणक दर वेळी सगळा मजकूर पहिल्यापासून वाचून काढतो, असा समज सर्रास आढळतो. मजकूर बदलणारा नसेल, तर ही मेहनत एकदाच करून ठेवता येते. उदी मॅनबर आणि जीन मायर्स यांनी १९९० मध्ये मांडलेला सफिक्स अ‍ॅरे ही त्याची एक अतिशय देखणी रीत आहे.

‘मगरमगर’ ही सहा अक्षरे घ्या. प्रत्येक अक्षरापासून अखेरपर्यंतचा भाग म्हणजे एक शेवट. असे सहा शेवट वर्णक्रमाने लावले, की पुढील यादी मिळते. डावीकडचा आकडा तो शेवट कुठून सुरू होतो ते सांगतो.

```
५  गर
२  गरमगर
४  मगर
१  मगरमगर
६  र
३  रमगर
```

साठवायचे ते फक्त आकडे: ५, २, ४, १, ६, ३. अक्षरे मूळ मजकुरात आहेतच.

हा क्रम लावताना खरी अडचण येते ती पुनरावृत्तीची, कारण दोन शेवट हजारो अक्षरांपर्यंत सारखे असले, तर सरळ तुलना फार रेंगाळते. मॅनबर आणि मायर्स यांची युक्ती अशी, की आधी शेवटांना केवळ पहिल्या अक्षरावरून क्रमांक द्यायचे, मग पहिल्या दोन अक्षरांवरून, मग चार, मग आठ. दोन अक्षरांच्या फेरीनंतर जागा २ आणि ५ बरोबरीत राहतात, कारण दोन्हीकडे ‘गर’ आहे. चार अक्षरांच्या फेरीत नव्याने अक्षरे वाचावी लागत नाहीत. दोन घरे पुढच्या, म्हणजे ४ आणि ७ या जागांचे आधीच ठरलेले क्रमांक पाहिले की पुरे. ७ वी जागा मजकुराबाहेर असल्याने तिचा क्रमांक शून्य, म्हणून ५ आधी आणि २ नंतर. हजार अक्षरांची पुनरावृत्तीसुद्धा अशा दहाएक फेऱ्यांत निकाली निघते.

मजकुरातला कोणताही तुकडा कुठल्या ना कुठल्या शेवटाची सुरुवात असतोच. त्यामुळे ‘गर’ची सगळी ठिकाणे यादीत सलग येतात आणि यादी निम्मी-निम्मी करत ती सापडतात, मानवी जनुकसंचातल्या सुमारे ३ अब्ज अक्षरांसाठी असे ३२ टप्पे पुरतात. यादीतल्या शेजाऱ्यांची सुरुवात कुठवर जुळते हे पाहिले, की सर्वांत लांब पुनरावृत्तीही कळते. इथे ती ‘मगर’.

अशा पुनरावृत्तींत गूढ संदेश शोधणाऱ्यांनी एक हिशेब जरूर करावा. जनुकसंचाच्या चार अक्षरांच्या लिपीत दहा अक्षरी तुकडे १०,४८,५७६ होतात, त्यामुळे ३ अब्ज अक्षरे यदृच्छया मांडली, तरी असा प्रत्येक तुकडा सरासरी तीनेक हजार वेळा येणारच.

या रचनेची मर्यादा आहे ती जागेची. प्रत्येक आकड्याला ४ बाइट धरले, तरी जनुकसंचाची यादी १२ गिगाबाइटपर्यंत जाते, शिवाय मूळ मजकूर जवळ ठेवावाच लागतो. म्हणूनच जनुकक्रमाचे तुकडे जागच्या जागी बसवणाऱ्या BWA आणि Bowtie या प्रणाली पूर्ण यादी न बाळगता, याच क्रमावर उभी असलेली एफएम-इंडेक्स ही आटोपशीर रचना वापरतात. यादीतले थोडेच आकडे त्या जपून ठेवतात आणि उरलेले लागतील तसे काढतात.